पेंटरकाकांचा वळणदार एक

पेंटरकाकांच्या हातून साधं सरळ काही उतरतच नसे. पाटी किराणा दुकानाची असो की दवाखान्याची, अक्षराला थोडा जास्तीचा डौल आलाच पाहिजे, आणि लोकही त्यासाठीच त्यांच्याकडे येत. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या दुकानांवर नावं रंगवली. स्वतःचे डबे आणि ब्रश मात्र घराच्या जिन्याखाली कोंबलेले. आता बाजारातला एक छोटा गाळा भाड्याने मिळत होता. शनिवारपर्यंत अनामत रक्कम आली नाही तर गाळा चष्मेवाल्याला देणार, असं मालकाने बजावलं होतं.

मालकाने फोनवर खाते क्रमांक सांगितला. काकांनी तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर उतरवला, तोही अर्थात नक्षीदार. पैसे पाठवायचं काम काकूंचं, कारण काकांच्या बोटांना कायम रंग लागलेला. अ‍ॅपने क्रमांक दोनदा विचारला, काकूंनी दोन्ही वेळा पुठ्ठ्यावरूनच टाकला, आणि दोन्ही वेळा काकांच्या एका झोकदार ‘१’चा त्यांनी ‘९’ केला. चूक इतकी एकसारखी झाली की अ‍ॅपला शंका यायचं कारणच उरलं नाही.

संध्याकाळी मालक म्हणाला, पैसे आलेलेच नाहीत. काकूंनी बँकेचा मेसेज उघडला आणि मालकाला क्रमांक पुन्हा विचारून ताडून पाहिला: एकाच्या जागी नऊ. सगळी शिल्लक गेली होती. काकांना बायकोला बोलण्याचीही सोय नव्हती. तो ‘एक’ त्यांचाच होता. त्यांनी लगेच बँकेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि सकाळी शाखा उघडायच्या आधीच दोघं दारात जाऊन उभी राहिली.

काउंटरवरच्या मॅडमनी मेसेजमधला व्यवहाराचा क्रमांक घेतला आणि संगणकात पाहिलं. असं खातंच नसतं, तर पैसे आपोआप परत आले असते, त्या म्हणाल्या. पण खातं होतं, याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत, आणि पैसे तिथे जमा झाले होते.

“पण नाव तर मालकाचंच टाकलं होतं ना आम्ही?” काका म्हणाले.

“पैसे क्रमांकावर जातात, काका. तुम्ही नाव टाकलंत, ते इथे कुणी जुळवून पाहत नाही.”

“मग घ्या की काढून. तुमच्याच बँकेत आहेत.”

“तुमच्या खात्यातून कुणी असे काढले तर चालेल तुम्हाला?”

मग काकांनी त्या माणसाचं नाव-गाव मागितलं. हातापाया पडायची तयारी होती. मॅडम म्हणाल्या, तेही सांगता येत नाही. त्यांनी लेखी अर्ज घेतला: तारीख, रक्कम, चुकीचा क्रमांक, बरोबर क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक. शिक्का मारलेली प्रत काकांच्या हातात दिली. आता ती शाखा खातेदाराला विचारेल, त्याने संमती दिली की पैसे परत. नाही म्हणाला तर पोलीस, कोर्ट, लांबचा रस्ता. आणि मध्येच कुणी फोन करून “पैसे मिळवून देतो, ओटीपी सांगा” म्हणालं, तर फोन ठेवून द्यायचा.

पुढचे दिवस काकांनी कसे काढले ते काकूंनाच ठाऊक. रस्त्यात कुणी नवा बूट घातलेला दिसला तरी त्यांना वाटे, हाच तो. माझ्या खात्यात असे फुकटचे आले असते तर मी दिले असते का, असं त्यांनी एकदा स्वतःला विचारलं. उत्तर पटकन आलं नाही, आणि त्याचीच त्यांना फार लाज वाटली.

शुक्रवारी दुपारी बँकेतून फोन आला. समोरच्याने सही करून दिली होती, पैसे खात्यात परत आले होते. काका शिडीवर होते. तिथेच बसून लहान मुलासारखे रडले आणि मग इतके हसले की खालच्या दुकानदाराने शिडी धरून ठेवली. या खेपेला काकूंनी मालकाकडून खाते क्रमांक लेखी मेसेजमध्ये मागवला, आधी एक रुपया पाठवला, तो पोचल्याचं त्याच्याच तोंडून ऐकलं, मगच बाकीचे सोडले.

काका मॅडमना विचारायला गेले, आभार तरी कुणाचे मानू? त्या हसून म्हणाल्या, निरोप पोचवते, पण नाव नाही सांगता येणार.

आता बाजारात त्यांच्या गाळ्यावर त्यांचीच पाटी आहे. पाटीच्या माथ्यावर लोक देवाचं नाव, आईवडिलांची पुण्याई असं काही लिहून घेतात. काकांनी तिथे रंगवलं: ‘एका अनोळखी माणसाच्या कृपेने’. कोण हो हा, असं गिऱ्हाईक विचारतात. “कोण जाणे,” काका म्हणतात, “कदाचित तुम्हीच असाल,” आणि बसायला खुर्ची पुढे करतात.