ऐंशी नंबरची खिडकी कुणी धरली

त्या सोमवारी मी मस्टरवर सही केली ती दुसऱ्याच्याच रकान्यात. घाईत नव्हतो. झोपेतही नव्हतो. झालं असं, की रोज सकाळी मस्टर उघडलं की माझी नजर आधी माझ्या खात्यातल्या मॅडमच्या रकान्यावर जायची. मॅडम माझ्या आधी येऊन बसलेल्या असत, आणि त्यांची ती टपोरी सही बघून माझा पहिला चहा कडू लागायचा. त्या दिवशी त्यांचा रकाना रिकामा दिसला. इतका आनंद झाला की हातातलं पेन तिथेच टेकलं आणि माझं नाव तिथेच उमटलं.

मॅडम पाच मिनिटांनी आल्या. मस्टर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या सहीच्या खाली उरलेल्या चिंचोळ्या जागेत आपली सही बसवून कामाला लागल्या. एका शब्दानेही काही बोलल्या नाहीत. हेच मला सहन व्हायचं नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका पंपाच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर खात्याचा प्रमुख होतो. खातं म्हणजे मी, मॅडम आणि काचेच्या खोलीतलं एक युनिक्सचं मशीन. मॅडम मूळच्या डेटा एंट्रीच्या. नऊ वर्षं त्यांनी माझ्या हाताखाली स्टोअरच्या चिठ्ठ्या टाइप केल्या. त्या कोपरीच्या, कोळी घरातल्या. घरी दोन मुलं, नवरा खाडीवर. मग कधीतरी, मला न विचारता, त्या मशीनची जाडजूड पुस्तकं डब्याच्या पिशवीतून घरी न्यायला लागल्या. मी गंमत म्हणून विचारलं, "काय मॅडम, उशाला घेता की काय?" त्या म्हणाल्या, "नाही सर, वाचते." वर्षभरात अशी वेळ आली की स्टोअरचा माणूस अडचण घेऊन यायचा, दारात उभा राहायचा आणि माझ्यावरून पलीकडे बघत विचारायचा, "मॅडम नाहीत का?" मी तिथेच बसलेला असायचो. साडेपाच फुटांचा माणूस आहे मी, दिसत नाही असं नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती ती. ज्याला त्याला इंटरनेटची हौस. आमच्या साहेबांनाही वाटलं की पंपांचा कॅटलॉग आता वेबपानांवर हवा. तो मी केला. म्हणजे पानं मॅडमनी केली, रंग मी निवडले. त्या सोमवारी अकरा वाजता सगळ्या डीलर लोकांना वरच्या मीटिंगरूममध्ये तो दाखवायचा होता. आणि साहेबांनी शनिवारी मला बोलावून सांगितलं होतं, "बंगलोरला दोन आठवड्यांचं ट्रेनिंग आहे. एकच जागा. जाईल तो आल्यावर आपलं नवीन इंटरनेट खातं सांभाळेल. सोमवारचं नीट होऊ द्या, मग नाव पाठवू." मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की नाव माझंच आहे. बॅगेचं तुटलेलं चाकही रविवारी दुरुस्त करून आणलं.

सव्वानऊला मी कॅटलॉग उघडला. पडद्यावर वाळूचं घड्याळ, आणि ते हटेना. मशीनवर पाहिलं तर शनिवारी संध्याकाळी वेब सर्व्हर कोसळलेला. कोसळल्याची खूण म्हणून एक भलीमोठी फाइल मागे पडलेली. मी म्हटलं, एवढंच ना, पुन्हा चालू करू. केला. तो उठला आणि लगेच पडला. जाता जाता संदेश ठेवून गेला, की ऐंशी नंबरचा पोर्ट मिळत नाही, पत्ता आधीच वापरात आहे.

पोर्ट म्हणजे पोस्टातली खिडकी समजा. मशीन एक, खिडक्या पुष्कळ. वेबपानं मागायला येणारा प्रत्येक जण ऐंशी नंबरच्या खिडकीवर येतो, आणि एका खिडकीवर एकालाच बसता येतं. आमचा सर्व्हर सांगत होता की खिडकीवर कुणीतरी बसलंय. मी म्हणत होतो, बसायला आहे कोण?

सर्व्हर सुरू होताना आपला नंबर एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतो. मी तो नंबर काढला आणि मशीनला विचारलं, या नंबरचं काही चालू आहे का? उत्तर आलं, नाही. मेलेला. मी ती फाइल पुसली, पुन्हा चालू केला. तोच संदेश. बंद झालेली खिडकी कधी कधी मिनिट-दोन मिनिटं मोकळी होत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून चहा घेतला आणि वाट पाहिली. तोच संदेश. खिडकी बदलावी म्हटलं तर साहेबांनी पत्त्याची कार्डं छापून डीलरना वाटलेली. सगळं मशीनच बंद करून चालू करावं, तर त्याच मशीनवर स्टोअर आणि डिस्पॅच चालायचं. गेटवर ट्रक उभे होते, आणि मशीन उठायला अर्धा तास घ्यायचं. साहेबांनी फोनवर एकाच शब्दात नाही म्हटलं.

दहा वाजून गेले. मॅडम शेजारच्या टेबलाला बसून स्टोअरचं काहीतरी करत होत्या. मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी विचारावं आणि मी "नको, जमतंय" म्हणावं, अशी माझी इच्छा होती. पण त्या विचारतही नव्हत्या. शेवटी मीच मोठ्याने स्वतःशी म्हणालो, "मेलाय तर मग खिडकी धरली कुणी?"

"सर, मेलाय हे कशावरून?"

"फाइलीतला नंबर बघितला. तो चालू नाही."

त्या उठून माझ्या खुर्चीमागे आल्या. "पण सर, पान उघडताना घड्याळ फिरत राहतंय. खिडकीवर कुणीच नसतं तर लगेच नकार आला असता. इथे नकार येत नाही, ताटकळत ठेवतंय. म्हणजे कुणीतरी बसलंय. फक्त काम करत नाहीये."

हे मला सुचायला हवं होतं. पंधरा वर्षं सरकारी कचेऱ्यांत फेऱ्या मारलेला माणूस मी.

"पण नंबर मेलाय ना," मी हट्ट सोडला नाही.

"सर, ठाण्याच्या मासळी बाजारात माझ्या सासूची जागा आहे. सासू जाऊन चार वर्षं झाली. पावती अजून तिच्याच नावाने फाटते. बसते माझी जाऊ. आता तुम्ही पावती घेऊन बाजारात गेलात आणि सासूचं नाव पुकारलंत, तर लोक सांगतील, ती वारली. म्हणून जागा मोकळी झाली काय? बसून तर बघा. जाऊ कोयता दाखवेल."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, पण परक्याच्या बॅटरीचा. आमचा सर्व्हर एकटा नसतोच. मुख्य प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, आपल्या हाताखाली पोरं काढते, आणि खिडकीवरची गिऱ्हाइकं ती पोरं बघतात. मुख्य प्रोसेस कोसळली. फाइलीत नंबर तिचा. पण तिची पोरं मागे राहिली होती, खिडकी धरून.

"सगळ्यांची यादी काढा," मॅडम म्हणाल्या. मी काढली. त्यात सर्व्हरच्याच नावाच्या दोन प्रोसेस निघाल्या. आईबापाच्या रकान्यात दोघींच्या पुढे एकचा आकडा. अनाथ झालेल्या प्रोसेसना मशीनची पहिली प्रोसेस पदरात घेते, त्याची ती खूण. दोघी स्टोअरच्या शिल्लक मालाच्या उत्तराची वाट बघत अडकलेल्या होत्या. ते उत्तर शनिवारपासून आलेलं नव्हतं.

त्यांना खिडकीवरून उठवायचा अधिकार फक्त मुख्य पासवर्डला, आणि तो फक्त माझ्याकडे. एवढी एकच किल्ली मी कुणाला दिलेली नव्हती. म्हणून मॅडम सांगत होत्या आणि मी टाइप करत होतो.

"आधी साध्या शब्दात सांगा जायला. लगेच नऊ नंबर नको."

नऊ नंबर म्हणजे मानगूट धरून बाहेर काढायचा हुकूम. साध्या शब्दावर एक गेली. दुसरी हलेना.

"आता द्या नऊ."

दुसरी गेली. मी सर्व्हर चालू केला, तो उठला आणि उभा राहिला. पान उघडलं. पंप दिसले, माझे रंग दिसले.

तेवढ्यात साहेब दारात. "काय झालं?"

"झालं साहेब," मी म्हणालो. "सुरू झाला."

आपली मराठी मोठी सोयीची भाषा आहे. झालं म्हटलं की कुणी केलं ते सांगावं लागत नाही.

"तुम्ही असल्यावर मला चिंता नाही," साहेब म्हणाले. मॅडम आपल्या टेबलाकडे गेल्या होत्या. पेन्सिलीला टोक काढत होत्या, जरा जास्तच वेळ.

मीटिंग छान चालली. कॅटलॉग पटापट उघडत होता. साहेब खुशीत येऊन डीलरना म्हणाले, "सकाळी हा बंदच पडला होता. यांनी तासाभरात शोधून काढलं. सांगा हो जरा, काय झालं होतं ते, यांना कळेल अशा भाषेत."

मी उभा राहिलो. पोर्ट म्हणालो, प्रोसेस म्हणालो. डीलरांचे चेहरे कोरे. मला उदाहरण हवं होतं आणि जवळ एकच होतं. मी म्हणालो, "असं समजा, माझ्या सासूची मासळी बाजारात जागा आहे..." आणि सगळं सांगितलं. पावती, जाऊ, कोयतासुद्धा. जाऊ माझी कशी, हा विचारही मनात आला नाही. लोक हसले, माना डोलावल्या. सगळ्यांना कळलं. मला फार बरं वाटलं.

समोरच अलिबागकडचे एक जुने डीलर बसले होते. त्यांनी चष्मा वर केला. "तुमच्या सासूबाई कुठल्या बाजारात बसायच्या?"

माझ्या सासूबाई डोंबिवलीच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या. आणि मी कंपनीच्या जेवणावळीत पनीर वेगळ्या चमच्याने वाढा म्हणून भांडणारा माणूस, हे साहेबांना चांगलं ठाऊक. ते माझ्याकडे बघत राहिले.

"माझ्या नाही," मी म्हणालो. "मॅडमच्या."

मग साहेबांनी सावकाश विचारलं, "उदाहरण मॅडमचं, का शोधलंही मॅडमनी?"

"टाइप मी केलं," मी म्हणालो. आयुष्यात याहून केविलवाणं वाक्य मी बोललेलो नाही.

दुपारी चारला साहेबांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. काचेतून मला दिसत होतं. त्या बसल्या नाहीत, उभ्यानेच ऐकलं. बाहेर आल्या तेव्हा मी कीबोर्डवरची धूळ फुंकत होतो.

"बंगलोरला मला पाठवताहेत, सर," त्या म्हणाल्या. आवाज जपून ठेवलेला होता, पण आनंद लपत नव्हता. "मुलांना जावेकडे ठेवीन. तुम्ही साहेबांना माझं नाव सांगितलंत ना, थँक्यू."

खरं होतं ते. सांगितलं होतं मी. मी म्हणालो, "अहो, त्यात काय." आणि डब्यातली उरलेली पोळी तशीच घरी नेली.

घरी बायको मटार सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं. मस्टरपासून केबिनच्या काचेपर्यंत. नेहमी सांगतो त्यापेक्षा बरंच खरं सांगितलं. मासळी बाजाराच्या जागी तिने तोंडाला पदर लावला, तेवढंच. मी म्हटलं, जागा गेली त्याचं काही नाही, मॅडमची लायकीच होती. मला एकच वाटतं. माझ्या पोटात काय चाललंय ते मॅडमना कळलेलं नसावं. इतकी वर्षं मी काही दाखवलेलं नाही.

बायकोने शेंग उघडली, दाणे अंगठ्याने खाली ओढले. "अहो," ती म्हणाली, "मला इथे डोंबिवलीत बसून कळतं. ती तर तुमच्या शेजारच्या टेबलाला बसते."