सेटल

बँकेला लिहायचं पत्र मी लिहिणार हे ठरलेलंच होतं. आमच्या घरात मराठी शुद्ध लिहिणारी मी एकटी, आणि दोष द्यायला जवळ असणारीही मीच.

नवऱ्याचा टेम्पो कर्जावर घेतलेला. धामणकर नाक्याजवळच्या लूमवरून कापडाचे ताके उचलायचे आणि कशेळीच्या गोडाऊनला टाकायचे, हा त्याचा धंदा. वज्रेश्वरीकडची सासूबाईंची जमीन विकली गेली, नवऱ्याचा हिस्सा हातात आला. मुलीला फिजिओथेरपीला प्रवेश मिळत होता. तिच्या शैक्षणिक कर्जात बाप सहकर्जदार राहणार, म्हणून त्याच्या डोक्यावर दुसरं कर्ज नको, असा आमचा हिशेब. टेम्पोचं कर्ज मुदतीआधीच फेडून टाकायचं.

तर बँक म्हणाली, मुदतीआधी फेडलंत तर उरलेल्या मुद्दलावर शुल्क लागेल. घरकर्ज असतं तर एक वेळ सुटलो असतो, पण हे धंद्याचं आणि ठरीव व्याजाचं. करारात छापलेलं होतं, खाली सही आमचीच. काउंटरवरचा पोरगेला साहेब म्हणाला, "कारणं देऊन अर्ज करा काका, मी वर पाठवतो. कधी कधी सोडतात."

मी लिहायला बसले. एकही हप्ता चुकलेला नाही. पैसा स्वतःचा आहे, दुसऱ्या बँकेकडून घेऊन हे कर्ज तिकडे हलवत नाही. मुलीचं शिक्षण आहे. इथवर ठीक चाललं होतं. मग मी लिहिलं, "कर्जाची मुदतपूर्व संपूर्ण परतफेड करू इच्छितो."

नवरा मागून वाकून वाचत होता. "हे काय बामणी लिहितेस? सेटल लिही. कर्ज सेटल करायचं हाय."

"परतफेड बरोबर आहे."

"तुला बाजारातलं काय कळतंय? नाक्यावर शेठ पैशे देतो तेव्हा काय बोलतो? हिसाब सेटल. पै न पै दिली की सेटल. बँकवाल्यांना हीच भाषा कळते."

मी लिहिलं. भांडायचा कंटाळा आला होता, आणि नाक्यावर सेटलचा अर्थ खरंच तोच होता. 'कर्ज सेटल करून शुल्क माफ करावे.' त्याने ऐटीत सही ठोकली.

शुल्क माफ झालं! मुद्दल आणि तोवरचं व्याज भरलं, बँकेचं इंग्रजी पत्र आलं. त्यातही सेटल हाच शब्द. नवऱ्याला एवढा आनंद झाला की ते पत्र त्याने लॅमिनेट करून आणलं. "बघ, बँक पण माझीच भाषा बोलते," असं म्हणून आठवडाभर माझं डोकं खाल्लं.

मुलीच्या कर्जासाठी दुसऱ्या बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी नवऱ्याचा क्रेडिट रिपोर्ट उघडून वाचला. मग म्हणाल्या, "तुमचं जुनं कर्ज बंद झालेलं नाही, सेटल दाखवतंय. म्हणजे तुम्ही पूर्ण पैसे दिले नाहीत, बँकेने कमी घेऊन प्रकरण मिटवलं. अशा माणसाला सहकर्जदार म्हणून आम्ही धरत नाही."

पूर्ण मुद्दल भरलेला माणूस तिथे बुडव्या ठरून उभा होता. त्याने पिशवीतून ते लॅमिनेट केलेलं पत्र काढलं. बाईंनी ते हळूच परत सरकवलं.

आम्ही पहिल्या बँकेत धावलो. तोच साहेब. त्याने आमचाच अर्ज समोर ठेवला, सेटल या शब्दावर बोट. "काका, तुम्हीच लिहिलंय. मग आम्ही सेटलमेंटमध्येच टाकलं ना." एकही हप्ता चुकला नाही हेही त्याच कागदावर होतं, ते कोणी वाचलं नव्हतं. तक्रार केली, तर उत्तर आलं, अर्जदाराच्या विनंतीनुसार कार्यवाही केली आहे. माझ्या अक्षरातली विनंती! माझं रक्त उकळलं, आजही उकळतं.

मार्ग एकच निघाला. माफ केलेलं शुल्क भरा, मग नोंद दुरुस्त करायला पाठवू. भरलं. नोंद बदलायला वेळ लागला आणि कॉलेजची फी भरायची मुदत तेवढी थांबली नाही. जागा गेली.

"आता कर्जाला काही अडचण नाही," असं नंतर साहेबाने फोन करून सांगितलं. मुलगी तेव्हा कशेळीच्या गोडाऊनमध्ये ड्युटीवर होती, पार्सलं स्कॅन करत.

पहिला पगार तिने आणून बापासमोर ठेवला. तो म्हणाला, "मला कशाला? तुझं हाय ते."

"बँकेला शुल्क भरलंत ना पप्पा, त्यातले घ्या," ती म्हणाली. "थोडे थोडे देते. मग आपण सेटल."