शुक्रवारी जाऊ

आमच्या घरात कोणतंही काम शुक्रवारशिवाय होत नसे. भिवंडीत लूम शुक्रवारी बंद, म्हणून दवाखाना शुक्रवारी, रेशन शुक्रवारी, लग्नाची बोलणी शुक्रवारी. बाबा लूमच्या शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. बाकीचे सहा दिवस ते कुणाचेच नव्हते, शेठचे होते. मी शाळेत होते तेव्हा मला वाटायचं की सगळ्या जगाला सुट्टी शुक्रवारीच असते.

तीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहून बाबांचे कान गेले होते. एकदम नाही, हळूहळू. आधी कुजबुज गेली, मग दारावरची थाप, मग आम्ही. लूमवाल्यांत हे काही नवल नव्हतं. आमच्या चाळीत निम्मे पुरुष घसा ताणूनच बोलत. पण जॉबरचं कामच कानावर चालतं. मागाचा आवाज जरासा बदलला की काय ढिलं झालंय ते जॉबरला कळायला हवं. बाबांना आता कळत नव्हतं. मागावर हात ठेवून ते अंदाज घेत, आणि शेठने दोनदा हटकलंही होतं, "चाचा, अब सुनाई नहीं देता क्या?" कल्याणच्या डॉक्टरांनी कानाच्या मशीनचे साडेअकरा हजार सांगितले. तेवढे जमले नाहीत तर बाबांची जॉबरकी जाणार आणि त्यांना कापडाचे तागे उचलायला लावणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

पैसे साठवायला बँकेत खातं मीच उघडून दिलं. मी तेव्हा पडघ्याच्या रस्त्यावरच्या एका गोदामात बिलं बनवायला होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. डब्यात पैसे ठेवणारी आई मला मागासलेली वाटे. खात्याबरोबर लिफाफ्यातून एटीएम कार्ड आलं, आणि बारीक अक्षरांची एक पुस्तिका. कार्ड मी बाबांना दिलं. पुस्तिका वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात टाकली.

एका गुरुवारी संध्याकाळी बाबांनी एटीएममधून पाचशे रुपये काढले. नोट हातात आल्यावर ते निघून आले. कार्ड काढून घ्या म्हणून मशीन टुकटुक वाजतं, ते त्यांच्यासाठी वाजलंच नाही. कार्ड तिथेच राहिलं, आणि मागच्या कुणीतरी उचललं असणार. हे सगळं आम्ही नंतर जोडून काढलं. तेव्हा कार्ड नाही हेही बाबांना कळलं नव्हतं, कारण ते त्यांना महिन्यातून एकदा लागायचं. मोबाइलवर मेसेज येण्याची सोय आमच्या खात्याला नव्हती.

पुढच्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी पासबुक भरून आणलं आणि न बघता पर्समध्ये टाकलं. संध्याकाळी घरी आल्यावर उघडलं. साडेदहा हजारांवर गेलेली शिल्लक चारशेवर आली होती. गुरुवारी एका दुकानात सात हजार आठशे, शनिवारी दुसऱ्या दुकानात तेवीसशे.

"बाबा, तुम्ही काही घेतलं काय?" मी ओरडले.

"काय घेतलं?"

"दुकानात! कार्डानी!"

"मी कशाला घेतू? मला काय करायचाय?" मग त्यांनी खिसे चाचपले, भिंतीवरच्या शर्टाचे चाचपले, गादी उचलली. आईने कपाळाला हात लावला. दुकानात तेव्हा पिन लागत नसे. कार्ड घासायचं आणि चिठ्ठीवर सही ठोकायची, की झालं.

लिफाफ्यावरच्या नंबरवर मी फोन लावला. एक दाबा, दोन दाबा करत शेवटी एक मुलगा आला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, खातेदारांना फोन द्या. कार्ड बंद करायला त्यांची ओळख पटवावी लागेल."

"त्यांना ऐकू येत नाही हो."

"तरी त्यांनाच बोलावं लागेल, मॅडम."

मी मोबाइल बाबांच्या कानाला लावला. लूमवाल्यांची एक सवय असते. समोरचा काही बोलला की मान हलवायची आणि हां म्हणायचं, कारण खडखडाटात कितीदा विचारणार? पलीकडून जन्मतारीख विचारली, बाबा म्हणाले, "हां, हां." आईचं नाव विचारलं, बाबा म्हणाले, "हां, बरोबर हाय." मी बाजूने आजीचं नाव ओरडले. तेवढं मात्र त्या मुलाला स्वच्छ ऐकू आलं. "मॅडम, कृपया बाजूने सांगू नका. ओळख पटत नाही. खातेदारांना शाखेत जायला सांगा." आणि फोन बंद. मी पुन्हा लावला. दुसरी मुलगी आली, तीच गत. तिसऱ्यांदा मोबाइलमधले पैसेच संपले.

मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. त्या मुलावर, बाबांच्या हां-हांवर, सगळ्यावर. "उद्या सकाळी बँकेत चला," मी म्हटलं, म्हणजे ओरडले.

बाबा शांत होते. "उद्या कसा येऊ? दोन माग उघडून ठेवलेत. शुक्रवारी जाऊ."

"तोवर आणखी जातील!"

"चारशेच उरलेत ना? गेले ते गेले. ते काय दोन दिवसांत परत वाढनार हायत? शुक्रवारी जाऊ."

आणि मी गप्प बसले. इतके दिवस झाले, आता दोन दिवसांनी काय बिघडतंय, असं मलाही वाटलं. त्यांच्या सहीचा अर्ज घेऊन मी बुधवारी एकटी जाऊ शकले असते. पण माझ्या ऑफिसात महिनाअखेरची बिलं होती आणि अर्ध्या दिवसाची रजा मागायचा मला कंटाळा आला. एवढंच कारण. याहून मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

शुक्रवारी दहाच्या आधीच आम्ही शाखेच्या पायऱ्यांवर होतो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आतल्या बाईंनी आधी कार्ड बंद केलं, तक्रारीचा नंबर कागदावर लिहून दिला, अर्जाचा नमुना दिला. पोलीस चौकीत कार्ड हरवल्याची नोंद करून शिक्क्याची प्रत आणा, म्हणाल्या. ती आणली. बाबांनी देवनागरीत, एकेक अक्षर कोरत सही केली. मग बाईंनी पासबुकातल्या तारखा पाहिल्या, टेबलावरच्या कॅलेंडरवर पेन टेकवलं आणि मागे मोजत गेल्या.

"तुम्ही कधी कळवलंत? आज ना?"

"मंगळवारी फोन केला होता आम्ही."

"तक्रार नंबर मिळाला?"

"नाही. ओळख पटत नाही म्हणाले."

बाईंनी पेन खाली ठेवलं. नियम त्यांनी मला नीट समजावला, दोनदा. कळवल्यानंतर कार्डावर काही गेलं तर ते बँकेचं. कळवण्याआधी जे गेलं ते ग्राहकाचं. फक्त आमच्या कार्डाला एक विमा होता: कळवलेल्या दिवसाच्या मागच्या सात दिवसांतली दुकानातली खरेदी भरून मिळते. त्याच्या आधीची नाही. पिन टाकून काढलेले पैसे तर कधीच नाहीत. "शनिवारचे तेवीसशे बसतात," बाई म्हणाल्या. "गुरुवारचे बसत नाहीत. आज आठवा दिवस आहे."

"म्हणजे काल आलो असतो तर?"

बाई हळूच म्हणाल्या, "पुस्तिकेत दिलंय ताई सगळं."

मी भांडले. बहिऱ्या माणसाने फोनवर ओळख कशी पटवायची, हे तुमच्या पुस्तिकेत दिलंय का, असंही विचारलं. बाईंना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, आणि त्यांच्या वाईट वाटण्याने मला जास्तच चीड येत होती. मंगळवारच्या फोनचं वर कळवते, म्हणाल्या. त्यांनी कळवलंही. महिन्याभराने उत्तर आलं की त्या दिवशी फोन आल्याची नोंद आहे, पण तक्रार नोंदवल्याची नाही. सोबत दुकानातल्या चिठ्ठीची झेरॉक्स होती. तिच्यावर झोकदार इंग्रजीत सही.

ती झेरॉक्स घेऊन मी धावत शाखेत गेले. "बघा, ही सही बाबांची आहे का? त्यांना इंग्रजी येतं तरी का?"

"सही त्यांची नाही, हे बँक मान्यच करते," बाई म्हणाल्या. "प्रश्न सहीचा नाही हो, दिवसाचा आहे."

बँकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे अर्ज करता येतो हेही त्यांनीच सांगितलं. मी केला. साध्या कागदावर, चार पानं, अगदी तावातावाने. काही महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की बँक आपल्या अटींप्रमाणे वागली आहे, प्रकरण बंद करण्यात येत आहे. त्या कागदावर कुणावर रागवावं असं काही नव्हतंच.

पण मला आठवतो तो शुक्रवारच. बाई बोलत होत्या तेव्हा बाबा शेजारी बसून त्यांच्या तोंडाकडे बघत मान हलवत होते. हां, हां. बाई थांबल्यावर त्यांनी माझा दंड हलवला. "काय म्हनतात? मिळतील ना?"

त्यांना काही सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागे. मागे रांग होती, काउंटरवर माणसं होती, शिपाई चहा वाटत होता. "नाही मिळणार!" मी ओरडले. सगळी बँक वळून बघायला लागली. "थोडेच मिळणार! तेवीसशे!"

"का?"

का ते मी ओरडू शकले नाही. आपण काल आलो असतो तर सगळे मिळाले असते, हे एवढ्या मोठ्याने सांगायला माझा आवाज निघाला नाही. आणि हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नव्हतं. "बँकेचा नियम आहे!" एवढंच मी ओरडले.

बाबा बाईंना नमस्कार करून उठले.

मशीन घेता आलं नाही. पावसाळा संपता संपता शेठने जॉबर बदलला आणि बाबांना तागे उचलायच्या कामावर घेतलं, निम्म्या पगारावर. त्यांनी ते पाच वर्षं केलं. आता ते घरीच असतात, आणि चाळीत कुणाचे कार्डाचे पैसे गेले की लोक त्यांना विचारायला येतात, कारण बँकेकडून काहीतरी परत मिळवलेला माणूस आमच्या आळीत तेवढा एकच. बाबा त्यांना बसवतात, चहा सांगतात आणि मोठ्या आवाजात समजावतात, "आम्ही अजाबात वेळ न्हाय घालवला. लगेच शुक्रवारी गेलो. म्हनून तेवीसशे तरी हाती लागले." मग माझ्याकडे बघून विचारतात, "काय गं, खरं ना?"

आणि मी त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हो म्हणते.