भाग्यलक्ष्मीचा माईक कोण बंद करतं

भाग्यलक्ष्मी माझी जुनी विद्यार्थिनी. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची आणि शाबासकी मिळाली की उभी राहून सांगायची, "बाई, हे उत्तर मी बघून लिहिलंय." वर्ग हसायचा. ती हसायची नाही.

चिक्कडपल्लीत तिच्या सासरचं साड्यांचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून ती आणि धाकटा दीर शिवराज ते चालवतात. दर शनिवारी संध्याकाळी ती माडीवरच्या खोलीतून युट्यूबवर लाइव्ह येते आणि नारायणपेठी साड्या दाखवते. साडीत खोट असली तर तीही दाखवते. "इथं धागा सुटलाय बघा. घ्यायची तर हे बघून घ्या." लांबलांबची गिऱ्हाइकं तिच्या या शब्दावर टिकून होती.

दोन्ही हात साडीत असतात, लॅपटॉप पलीकडच्या टेबलावर. दर वेळी उठून माउस धरणं जमत नाही, म्हणून तिनं बटणांचा एक छोटा पॅड मांडीशी ठेवला. एक बटण दाबलं की समोरचा कॅमेरा, दुसरं दाबलं की कापड अगदी जवळून, तिसऱ्यानं 'थोडं थांबा'ची पाटी. चौथं माईकचं. दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की सुरू. मदतीला अंबरपेठची रश्मी असते, ती घड्या मोडून देते. शिवराज कॅमेऱ्यामागे खुर्चीवर बसून फोनवर ऑर्डरी घेतो.

मध्यंतरी तक्रारी येऊ लागल्या. साडीला डाग होता, तुम्ही बोलला नाहीत. भाग्यलक्ष्मीनं रेकॉर्डिंग लावून पाहिलं. डागावर बोट आहे, ओठ हलताहेत, आवाज नाही. पुढच्या साडीला आवाज पुन्हा आहे.

ती माझ्याकडे आली तेव्हा चहा तसाच निवला. "बाई, पॅड बिघडला असता तर माईक कधीही बंद पडला असता. हा बरोबर खोटीवरच बंद पडतो. पॅडशेजारी कोण बसतं? रश्मी."

"तिला काय मिळणार त्यातून?"

"काय की. पण संशय येतो."

पुढच्या शनिवारी तिनं पॅड दुसऱ्या बाजूला घेतला. रश्मीला ते कळलं. मुलगी दिवा विझल्यासारखी बसून राहिली.

त्याच संध्याकाळी आवाज पुन्हा गेला. मी घरी बघत होते. आवाज गेल्याचं भाग्यलक्ष्मीला माहीत नव्हतं. रश्मीशी खासगी बोलायचं म्हणून तिनं माईकचं बटण दाबलं, आणि आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "रश्मी, खरं सांग, माईकला हात कोण लावतं?"

"मी नाही हो अक्का! आईशप्पथ!"

मी लगेच फोन करून सगळं ऐकू आल्याचं सांगितलं. ती सावकाश म्हणाली, "बाई, मी बंद करायला दाबलं आणि सुरू झाला. म्हणजे आधीच कुणीतरी बंद केला होता. आणि पॅड तर माझ्या मांडीशी होता."

रश्मी सुटली. पण मग दुसरा हात कुणाचा? रात्री भाग्यलक्ष्मीला आठवलं, दसऱ्याच्या वेळी तिला ताप होता तेव्हा शिवराजनं आपल्या फोनवर रिमोटचं ॲप घेतलं होतं. फोनवरूनही कॅमेरे बदलतात, माईक बंद होतो. नुसत्या आठवणीवर दिराला बोलायचं कसं? तिनं लॅपटॉपवर रिमोटचा पासवर्ड बदलला आणि कुणाला सांगितलं नाही. पॅड तारेनं जोडलेला, त्याला पासवर्ड लागत नाही.

शनिवारी तिनं मोरपंखी साडी उलगडली. "पण या पदराला..." ती मुद्दाम थांबली. कॅमेऱ्यामागून कुजबुज आली, माईकनं ती नीट उचलली.

"रश्मी, वायफाय गेलंय का गं? हे जोडतच नाही."

"लाइव्ह चालू आहे ना अण्णा. वायफाय कसं जाईल?"

"काय जोडत नाही, भाऊजी?" भाग्यलक्ष्मीनं विचारलं.

पडद्यावर 'थोडं थांबा' आलं, आवाज थांबला. पुढचं मला रश्मीनं सांगितलं.

"प्रत्येक खोट ओरडून सांगायची, मग गठ्ठे पडून राहतात," शिवराज म्हणाला. "दुकान माझंही आहे, वहिनी."

"आहे ना. मग लोक मला खोटी म्हणतात तेव्हा तुम्हालाही म्हणतात. या, बसा इथं."

पाटी गेली. पडद्यावर पदर अगदी जवळून दिसत होता आणि त्यावर शिवराजचं जाड बोट. घसा खाकरून तो म्हणाला, "इथं रंग उतरलाय. घडीच्या आतल्या बाजूला. आधीच्या साड्यांचंही... ज्यांना सांगायचं राहिलं, त्यांनी परत पाठवा."

मग भाग्यलक्ष्मी सगळ्यांसमोर रश्मीकडे वळली. "आणि रश्मी, मी तुझ्यावर उगाच संशय घेतला."

पॅडवर आता माईकची दोन बटणं आहेत, एक फक्त बंद करायला, एक फक्त सुरू करायला. पॅड रश्मीच्या बाजूला परत गेलाय. नवा पासवर्ड मात्र भाग्यलक्ष्मीनं शिवराजला अजून दिलेला नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "देईन बाई. अजून थोडे शनिवार खोट त्यांच्याच तोंडून ऐकते."