सुमनबाई आणि आठ तलवारी

पत्ते काढण्याआधी सुमनबाई समोरच्या माणसाला हात धुवायला लावायची. नुसते ओले करून चालत नसे. ऑपरेशनच्या खोलीत शिरताना धुतात तसे साबण लावून, नखांच्या कडांपासून कोपरापर्यंत. कुणी विचारलं, "बाई, यात काही मंत्रबिंत आहे का?" तर ती म्हणायची, "मंत्र कायचा! माहे पत्ते मळतेत. अन् हात धुता धुता माणूस जरा थंडा पडते. गरम डोक्यानं इचारलेल्या प्रश्नाले उत्तर नसते."

ती नागभीडच्या दवाखान्यात नर्स होती. ठेंगणी, काळीसावळी, चालायला भरभर. मी तिथल्याच शाळेत नव्याने लागले होते आणि तिच्या क्वार्टरला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहत होते. छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांचं तिचं घर. पोथी, पंचांग, अंगारा यांतलं काहीही त्या घरात चालत नव्हतं. त्यामुळे तिच्या लोखंडी कपाटात भविष्य पाहायचे परदेशी चित्रांचे अठ्ठ्याहत्तर पत्ते निघतात हे कळलं तेव्हा मी चकित झाले. तरुणपणी ती ज्या दवाखान्यात शिकली, तिथे एक गोरी नर्स दोन वर्षं होती. तिने जाताना ते पत्ते हिला दिले होते आणि पावसाळ्याच्या रिकाम्या दुपारी एकेक चित्र वाचायला शिकवलंही होतं. सुमनबाईचा थोरला भाऊ यावरून तिच्याशी भांडायचा. ती त्याला शांतपणे सांगायची, "दादा, मी भविष्य सांगत नाई. पत्ता बोलत नाई, माणूस बोलते. पत्ता फक्त त्याचं तोंड उघडून देते."

तिचे नियम पक्के होते. आजारपणासाठी पत्ते नाहीत, त्यासाठी दवाखाना. मरणाचा प्रश्न नाही. आणि जो माणूस समोर बसलेला नाही त्याच्या मनात काय आहे, हे ती सांगत नसे. "तो इथी आला आहे का? नाई नं? मंग त्याच्या पोटात मी कायले हात घालू?"

एकदा जवळच्या जंगलातल्या गावची एक गोंड बाई तिच्याकडे आली. नवरा पुन्हा नांदवेल का, एवढंच तिला पत्त्यांतून पाहायचं होतं. सुमनबाईने तिचा पदर बाजूला करून खांदा बघितला, दंड बघितला आणि पत्ते होते तसे कपाटात ठेवून दिले. त्या बाईला दवाखान्यात नेऊन डॉक्टरांकडून सगळं लिहून घेतलं, चार दिवस स्वतःच्या घरी ठेवलं आणि तिचा भाऊ आल्यावरच त्याच्या हाती सोपवलं. मी विचारलं, "एक पत्ता काढून धीर तरी द्यायचा." ती एकदम चिडली. "जिथी मार खरा आहे तिथी चित्र नाई दाखवाचं, मास्तरीन. तिथी दरवाजा उघडाचा."

त्या वेळी माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवरा, प्रकाश, घुग्घुसला खाणीत कारकून होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एसटीने चंद्रपूर, तिथून घुग्घुस. रविवारी संध्याकाळी परत. तो मारत नव्हता, पीत नव्हता. पण मला आलेली पत्रं तो आधी फोडून वाचायचा. मी मैत्रिणीकडे थांबले की चार चार दिवस अबोला. जेवण वाढलं तरी ताटाकडे बघायचा नाही. आणि आता त्याने बजावलं होतं, उन्हाळी सुट्टीच्या आत नोकरीचा राजीनामा दे. मी राजीनामा लिहूनही ठेवला होता. वहीत घडी करून. रोज मुलांना बेरजा शिकवताना ती वही माझ्या टेबलावर असायची.

एका शनिवारी मी घुग्घुसला गेलेच नाही. ताप आल्याची तार केली आणि सुमनबाईच्या दारात जाऊन उभी राहिले. तिने कपाळाला हात लावला. "ताप तं नाई तुले."

"बाई, माझे पत्ते काढा."

मी हात धुतले. तिने सतरंजी अंथरली, पत्ते माझ्या हातात दिले आणि पिसायला सांगितले. "काय इचारतं?"

"तो मला सोडेल का?"

"हा प्रश्न त्याचा आहे. तुहा सांग."

मी पत्ते पुन्हा पिसले. शेवटी म्हणाले, "मी या लग्नात अडकले आहे. मी काय करू?"

"हाव. आता बरोबर."

तिने पाच पत्ते मांडले. पहिली जागा मी आज कुठे उभी आहे त्याची. दुसरी, तो मला कसा दिसतो. तिसरी, आमच्या दोघांमधलं काय झालं. चौथी, हातात काय घ्यावं. पाचवी, त्या वाटेने गेलं तर पुढे काय. तिने पहिला पत्ता उलटला. एक बाई, लाल कपड्यातली. डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती दोर गुंडाळलेला. भोवती जमिनीत रोवलेल्या आठ तलवारी, मागे उंच कड्यावर किल्ला, पायाखाली चिखलपाणी.

"हीच मी," मी म्हटलं आणि रडायला लागले.

सुमनबाईने मला रडू दिलं. मग पहिला प्रश्न विचारला तो पत्त्याचा नव्हता. "मारते का तो? खरं सांग. बाहेरून कडी लावते? पगार हिसकून घेते? जिवाची भीती वाटते?" मी नाही म्हटलं. तिने तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला. मी पुन्हा नाही म्हटलं, तेव्हाच ती चित्राकडे वळली.

"मंग आता नीट पाय. रडता रडता पाय, पण पाय. हिचे पाय बांधले आहेत का?"

नव्हते.

"दोर कसा आहे?"

सैल होता. दोन-तीन वेढे, तेही ढिले.

"तलवारी कुठी कुठी आहेत?"

मागे होत्या, बाजूंना होत्या. समोर एकही नव्हती. मी मान वर केली.

"अन् हिले बांधणारा कुठी आहे? या चित्रात दुसरा माणूस दाखव मले."

दुसरा माणूस नव्हताच.

"याचा अर्थ सारं तुहंच मनाचं खूळ आहे, असा नाई हं," ती म्हणाली. "दोर कोणीतरी बांधलाच आहे. पत्रं तोच फोडते, अबोला तोच धरते. ते तुहं पाप नाई. पण या पत्त्यांत तलवार म्हणजे विचार, बोल. हे आठ बोल तुह्या भोवती रोवले आहेत, अन् डोळ्यावर पट्टी आहे म्हणून कोणता खरा लोखंडाचा, कोणता नुसता आयकलेला, हे तुले समजून नाई राह्यलं. हाच पत्ता त्याच्या जागी आला असता तं मी म्हटलं असतं, त्यालेही बांधल्यासारखं वाटते. मधल्या जागी आला असता तं दोघंही बांधलेले. पण तो तुह्या जागी आला. म्हणून काम तुलेच आहे. सांग एकेक तलवार."

मी बोलत गेले. वडील लाजेने मरतील. धाकट्या बहिणीचं लग्न जमणार नाही. एकट्या बाईला कुणी खोली देणार नाही. तो मला जाऊच देणार नाही. माझ्याशिवाय त्याचं कसं होईल. लोक म्हणतील, शिकलेली पोरगी म्हणून टिकली नाही.

"सहा झाल्या. अजून दोन?"

मला सुचेनात. रडता रडता मला हसू आलं.

"आता मले सांग, वडील मरतील असं तुले कोण म्हटलं?"

"कुणी नाही. मला माहीत आहे."

"इचारलं त्यायले?"

"नाही."

"बहिणीले? नाई. खोली? खोलीत तं तू आत्ता राहूनच राह्यली आहेस, पोरी. तो जाऊ देत नाई, असं तो म्हटला?"

मी आठवू लागले. त्याने असं कधीच म्हटलं नव्हतं. "लोक म्हणतील, ही तलवार खरी आहे," सुमनबाई म्हणाली. "ते म्हणतीलच. ती लागंनच. बाकीच्यायले हात लावून पाय."

उरलेले पत्ते तिने भराभर उलटले. त्याच्या जागी छातीशी नाणं कवटाळून, पायाखाली दोन नाणी दाबून बसलेला माणूस. "तो तुले असा दिसते: सुटंन म्हणून धरून बसलेला. तो तसाच आहे का, ते मले माहीत नाई." मधल्या जागी दोन पेल्यांचा पत्ता, उलटा आलेला. देणंघेणं थांबलेलं. चौथ्या जागी तलवारींची राणी, एका हातात तलवार सरळ उभी धरलेली, दुसरा हात पुढे केलेला. "पाय, भोवती होती तीच वस्तू हिच्या हातात आहे. साफ बोलाचं, पण हात पुढं ठेवून. शिवी देऊन नाई." आणि शेवटी एक नाव. नावाडी, पाठमोरी बाई, एक पोर आणि नावेतच उभ्या सहा तलवारी.

"तलवारी सोबतच जाऊन राहिल्या," मी म्हटलं.

"जातीलच. वैनगंगा डोंग्यातून पार करताना गाठोडं काठावर थोडी राहते! पण पल्याडचं पाणी शांत दिसते का नाई?" ती पत्ते गोळा करू लागली. "जा आता. सोपी तलवार पहिले."

सोपी अशी एकही नव्हती. मी वरोऱ्याला वडिलांकडे गेले. रस्त्याच्या कामावर आयुष्य गेलेला माणूस, बोलणं कमी. मी सांगत असताना ते अंगणातल्या बाजेची सुंभं आवळत होते. शेवटी म्हणाले, "दोन वर्सं झाले, तू येतं अन् हासत नाई. मीच इचारायले भेत होतो. घर आहे नं तुह्यं." बहीण दारातून ओरडली, "माह्यासाठी नको थांबू, बाई!"

मग घुग्घुस. मी प्रकाशसमोर बसले आणि म्हणाले, "मी राजीनामा देणार नाही. तुम्ही नागभीडला या, मी इथे बदली मागते, काहीही करू. पण माझी पत्रं मी फोडीन आणि अबोला मला सहन होणार नाही." तो तीन दिवस बोलला नाही. मी रजा घेऊन थांबले, पण पहिल्यांदाच त्याच्या मागे मागे फिरले नाही. चौथ्या दिवशी पायात चपला घालता घालता तो म्हणाला, "मग जा." एवढंच.

जी भिंत मला अडवते आहे असं दोन वर्षं धरून चालले होते, ती तिथे नव्हतीच. सुटल्याचा आनंद झाला म्हणू, की या माणसाने मला धरलंही नव्हतं याचं दुःख? एसटीत चंद्रपूरपर्यंत दोन्ही होतं. तो नंतर दोन रविवार नागभीडला आला, दोघांनी मनापासून प्रयत्न केला आणि मग हे जमणार नाही, हे दोघांनाही कळलं. कज्जा न करता वेगळे झालो. लोक म्हणायचं ते म्हणाले. लागलं. बहिणीचं लग्न पुढच्या वर्षी झालं, आणि सुमनबाई त्या मांडवात माझ्यापेक्षा जास्त राबली.

ती निवृत्त होऊन गडचिरोलीला भाचीकडे गेली. शेवटची भेटले तेव्हा गुडघे धरले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी मुख्याध्यापिका झाले होते, हे तिने शेजारच्या चार घरांत सांगून ठेवलं होतं. चहा घेताना मी विचारलं, "बाई, त्या दिवशी तुम्हाला दिसलं होतं ना, मी निघून येणार म्हणून?"

ती खो खो हसली. "कायचं दिसते! मले तं वाटलं होतं, तू राजीनामा देऊन मोकळी होशीन."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं ती नववी तलवार झाली असती."

मी निघाले तेव्हा ती भिंतीचा आधार घेत फाटकापर्यंत आली. मी नको म्हणत होते. ती ऐकत नव्हती. "जा, तुही गाडी सुटंन," म्हणाली, आणि फाटक तिने माझ्यासाठी स्वतःच्या हाताने उघडून धरलं.