साखरेतलं पीठ

दहाव्याला बायका जमल्या तेव्हा माझी थोरली बहीण, अक्का, सगळ्यांना सांगायली होती, "बाई गुणाची होती, पण साखरेत पीठ मिसळायची." बायकोला जाऊन दहा दिवस पुरते झाले नव्हते तोवर हे. मला शाळा कमी, पण हे लिहून ठेवतो.

नामांतराच्या दिवसांत परभणी कधी बंद असायची, माल यायचा न्हाई. केकवरच्या क्रीमसाठी लागते ती आयसिंग शुगर दुकानात मिळंना. बायकोनं केक शिकून घेतला होता अन् पहिलीच ऑर्डर आली होती, डॉक्टरीणबाईंच्या लेकीच्या वाढदिवसाची. हा केक पटला तर आणखी घरं मिळणार होती. लाईटीचा भरवसा नव्हता, म्हणून तिनं साखर आदल्या दिवशीच दळली. मिक्सरचं भांडं कोरडं, थोडी थोडी साखर, फिरवून झालं की धुरळा बसू द्यायचा, मग झाकण काढायचं. तलम चाळणीतून चाळायचं. अन् वाटीभर साखरेला मोठा चमचा कॉर्नफ्लोर, म्हणजे मक्याचं पांढरं पीठ. मी इचारलं कशाला. म्हणली, साखर बारीक झाली की हवेतला ओलावा ओढते, कण एकमेकाला चिकटून बसतात. कॉर्नफ्लोर कणांच्या मधी बसतं, ओलावा आपल्यात घेतं. लगेच वापरायची असती तर नसतं टाकलं.

श्रावण होता. त्याच दिवशी एकादशी, अक्का आमच्याकडंच होती. दुधात घालायला तिनं तोच डबा उचलला. बायकोनं हात धरला. "अक्का, त्यात पीठ हाय, तुमचा उपास मोडंल." गप बसली असती तर काय झालं असतं? पण तिला ते जमत नव्हतं.

अक्का म्हणली, "लोकाच्या लेकराला भेसळ चारायलीस?"

बायको लोणी आणायला बाजारात गेली, तेवढ्यात अक्कानं डबा नालीत ओतला अन् निव्वळ साखर दळून भरून ठेवली. तवा कुणाला सांगितलं न्हाई. पुढं तिनंच मला सांगितलं, घराची अब्रू राखली म्हणे!

दुसऱ्या दिवशी लाईट गेलेली, बाहेर पावसाची झड लागलेली. बायकोनं डबा उघडला, आत ढेकळं. बोटात चुरून बघितली अन् अक्काकडं बघितलं. खलबत्त्यात कुटली, धोतराच्या फडक्यातून चाळली, पण खलबत्त्यातली साखर मिक्सरसारखी होत न्हाई. क्रीम करकरीत झालं, नाव लिहायच्या कागदाच्या पुंगळीचं टोक कणानं तुंबायचं. पोरीचं नाव अर्धं आलं, अर्धं फाटलं. डॉक्टरीणबाईंनी केक घेतला. परत बोलावलं न्हाई. दुसऱ्या कुणी बी बोलावलं न्हाई. मिक्सर माळ्यावर गेला.

दहाव्याला मी बायकांदेखत बोललो. "अक्का, भेसळ तिनं न्हाई केली. चांगला माल तू नालीत ओतलास."

अक्का म्हणली, "मी धर्माचं केलं."

तिच्या चहात साखर कमी होती. साखरेच्या डब्याकडं हात गेला तिचा. मी डबा उचलला अन् आत नेऊन ठेवला.