मिनिटाला बारा लिटर

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनऐवजी भिंग असायचं, म्हणून सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. धंदा प्लंबिंगचा, पण नाव झालं वाचण्यामुळे. नळाचं खोकं हातात आलं की आधी भिंग बाहेर. दर्जाचा सरकारी मार्क आहे का? मार्कच्या वर मानकाचा नंबर, खाली परवान्याचा नंबर आहे का? खोक्यावर आहे, मग नळाच्या अंगावर का नाही? दुकानदार त्यांना लांबून पाहूनच कपाळाला हात लावायचा. पण गिऱ्हाइकं खूश असत. भिंगवाल्यांनी पास केलेला नळ म्हणजे दगडावरची रेघ.

अशा माणसाचीच फजिती व्हायची होती, आणि तीही सख्ख्या बहिणीच्या घरी.

बहिणीच्या नवऱ्याचं, म्हणजे दाजींचं, उजवं अंग लुळं पडून दोन वर्षं झाली होती. बहीण त्यांना स्टुलावर बसवून मगाने अंघोळ घालायची. दाजींना पूर्वीच्या घरी शॉवरखाली अर्धा अर्धा तास गाणी म्हणायची सवय. आता बोबडं बोलत एकच मागणं करायचे, डोक्यावरून धो धो पाणी पडू दे. भिंगवाल्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला, "दाजी, ते माझ्याकडे लागलं."

गरम-गार पाणी एकत्र करणारा, भिंतीत बसणारा मिक्सर नळ आणि हातात धरायचा शॉवर त्यांनी स्वतः निवडला. मार्क खरा. दाब सोसायची ताकद दहा बार. प्रवाह मिनिटाला बारा लिटर. वॉरंटी दहा वर्षं. महिनाभर भिंत फोडणं, पाइप, वॉटरप्रूफिंग, टाइल्स असं काम चाललं. तेवढे दिवस दोघा शेजाऱ्यांनी दाजींना उचलून आपल्या न्हाणीघरात नेलं. दाजींना त्याची फार लाज वाटायची, पण बारा लिटरच्या आशेवर त्यांनी तीही गिळली.

अंघोळीचा दिवस उजाडला. मुठीतून वाळू सुटावी तसं पाणी आलं. भिंगवाल्यांनी शॉवरच्या दांड्यातली प्रवाह रोखणारी बारीक चकती काढली. फरक नावापुरता. मग खाली बादली ठेवली, घड्याळ धरलं. एका मिनिटात जेमतेम साडेतीन लिटर.

त्यांनी खोकं शोधून काढलं. भिंग लावलं. बारा लिटरच्या शेजारी बारीक अक्षरात होतं, तीन बार दाबाला. आतल्या घडीपत्रकात आणखी एक ओळ होती, किमान दाब एक बार. बहिणीचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी शॉवरच्या वर अडीच मीटर. दहा मीटर उंचीला एक बार दाब, हा हिशेब त्यांना झोपेतसुद्धा येत होता. म्हणजे पाव बार.

उभी हयात त्यांची उंच इमारतींत कामं करण्यात गेली. तिथे भीती जास्त दाबाची, नळ फुटण्याची. डोळा नेहमी कमाल आकड्यावर. किमान आकड्याकडे बघायची वेळच कधी आली नव्हती. आज घरच्याच माणसापुढे त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"पंप बसवूया ना, दादा," बहीण म्हणाली.

"तुमच्या सोसायटीच्या समितीने बंदी घातलीय. पंपाच्या दाबाने जुने पाइप फुटून खालच्यांचं छत गळालं होतं, विसरलीस?"

कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. वस्तूत दोष नाही ना? गळत नाही ना? मग दाब कमी असणं वॉरंटीत बसत नाही. भिंत फोडायचा, टाइल्सचा खर्चही नाही. पत्रकाच्या मागे लिहिलंय, काका. भिंगवाल्यांनी पत्रक उलटलं. लिहिलेलं होतं. त्या पोरीवर चिडायचीही सोय राहिली नाही.

"मी भिंत पुन्हा फोडतो. कमी दाबाचा नळ मिळतो. माझ्या खर्चाने करतो," ते म्हणाले.

"आणि महिनाभर ह्यांना परत लोकांच्या दारात न्यायचं?" बहिणीचा आवाज चिरकला. "नाही रे दादा. माझ्यात त्राण नाही. त्यांच्यातही नाही."

दाजी स्टुलावर ओले, अर्धवट साबणात बसून होते. साबण डोळ्यात जात होता. डावा हात हलवून त्यांनी विचारलं, "वॉ...रंटी कि...ती?"

"दहा वर्षं."

दाजी एका बाजूनेच हसले. "मा...झी नाही ते...वढी."

बहिणीने नळ बंद केला आणि कोपऱ्यातला जुना मग उचलला. "दादा, धर त्यांना जरा. घसरतील."

भिंगवाल्यांनी मागून दाजींना धरलं. मगाचं पाणी डोक्यावर पडलं, थांबलं, पुन्हा पडलं. समोर भिंतीत नवा मिक्सर लखलखत होता. भिंगवाले त्याच्याकडे टक लावून बघत होते. त्याने एक थेंब जरी गाळला असता, तरी तक्रार करता आली असती. पण काम त्यांनी स्वतःच्या हाताने केलं होतं. तो गळत नव्हता.